एकाच पुरणयंत्रावर पेटंट, कॉपीराइट आणि ट्रेडमार्क

प्रश्न: सिंहगड रस्त्याला आमचे लहान वर्कशॉप आहे. भावाने हाताने फिरवायचे असे पुरणयंत्र बनवले आहे, ज्याची जाळी दांडा उलटा फिरवला की आपोआप साफ होते. नाव ‘झटपट पुरणयंत्र’ ठेवणार आहोत, लोगो एका ओळखीच्या मुलाकडून करून घेतला आहे आणि सोबत पाककृतींची छोटी पुस्तिका देणार आहोत. कोणी सांगते पेटंट घ्या, कोणी म्हणते कॉपीराइट करून टाका, कोणी म्हणते ट्रेडमार्क पुरेसा आहे. या तिन्हींत फरक काय, आणि आम्हाला काय लागेल? पुढच्या महिन्यात भीमथडी जत्रेत स्टॉल घेतला आहे.

उत्तर:

तुमच्या प्रश्नातले शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, म्हणून त्याबद्दल आधी सांगतो. पेटंटचा अर्ज दाखल होण्यापूर्वी हे यंत्र जत्रेत चालवून दाखवू नका आणि विकूही नका. लोगो, नाव आणि पुस्तिका यांचे काम जत्रेनंतर केले तरी बहुतेक वेळा भागते. पेटंटचे तसे नसते, आणि ते का नसते हे कळले की तिन्ही हक्कांमधला फरकही बराचसा उलगडतो.

पुण्यात पेटंट आणि ट्रेडमार्कची कामे करताना माझ्याकडे येणाऱ्या लघुउद्योजकांना मी एक गोष्ट पहिल्याच भेटीत सांगतो. उद्या कोणी तुमच्यासारखे काही बाजारात आणले, तर कायदा त्याला तीन वेगवेगळे प्रश्न विचारू शकतो. ‘तुझे यंत्र याच युक्तीने चालते का?’ हा पेटंटचा प्रश्न आहे. ‘तू यांचे लिहिलेले किंवा काढलेले उतरवून घेतलेस का?’ हा कॉपीराइटचा प्रश्न आहे. ‘तुझ्या मालावरचे नाव पाहून गिऱ्हाइकाला तो यांचाच माल वाटेल का?’ हा ट्रेडमार्कचा प्रश्न आहे. तुमच्या खोक्यात या तिन्ही प्रश्नांना लागू पडणाऱ्या वस्तू आहेत, पण प्रत्येक प्रश्न खोक्यातल्या वेगळ्या वस्तूबद्दल आहे. यंत्राच्या युक्तीचे रक्षण कॉपीराइट करत नाही, नावाचे रक्षण पेटंट करत नाही आणि पुस्तिकेतल्या मजकुराशी ट्रेडमार्कचा संबंध येत नाही.

यंत्राची युक्ती: पेटंट

पेटंट, म्हणजे शासकीय मराठीत एकस्व, हा तिन्हींतला सर्वांत कडक हक्क आहे. दुसऱ्या माणसाने तुमचे यंत्र कधी पाहिलेही नसेल आणि स्वतःच्या डोक्याने तीच युक्ती शोधली असेल, तरी तुमचे पेटंट चालू असेपर्यंत त्याला ते यंत्र भारतात बनवता किंवा विकता येत नाही. एवढा कडक हक्क देताना कायदा दोन अटी घालतो. युक्ती जगात कुठेही आधी उघड झालेली नसावी, आणि त्या क्षेत्रातल्या जाणकार कारागिराला ती सहज सुचणारी नसावी. शिवाय ती प्रत्यक्ष उद्योगात वापरता यावी लागते, पण पुरणयंत्राबाबत त्याची चिंता नको.

पहिल्या अटीत ‘कुठेही’ आणि ‘उघड’ या दोन शब्दांना फार महत्त्व आहे. फ्रान्समध्ये जाँ मांतेले यांनी 1932 मध्ये दांड्याने फिरवून शिजवलेल्या भाज्या जाळीतून काढण्याच्या हातयंत्राचे पेटंट घेतले होते. आपल्या घरातली पुरणयंत्रे त्याच जातीची आहेत. वर भांडे, तळाला भोकांची जाळी आणि जाळीवर तिरके दाबणारे पाते, ही रचना आता सर्वांची झाली आहे. तिच्यावर तुम्हाला हक्क मिळणार नाही आणि ती वापरण्यासाठी कोणाची परवानगीही लागणार नाही. दांडा उलटा फिरवला की जुन्या यंत्रांतही पाते जाळीवरचा गोळा थोडासा उचलते. त्यामुळे ‘उलटे फिरवल्यावर साफ होणारे पुरणयंत्र’ एवढेच अर्जात लिहिले, तर परीक्षक ही जुनी यंत्रे समोर ठेवून हरकत घेईल आणि ती हरकत बरोबर असेल.

तुमच्या वर्णनावरून मी असे समजतो की भावाने जाळीच्या खालीही एक पट्टी बसवली आहे, आणि दांडा उलटा फिरला की वरचे पाते उचलले जाऊन खालची पट्टी जाळीला टेकते व भोकांत अडकलेली डाळीची साले वर ढकलते. तसे असेल, तर नवेपणा पट्टीत नाही आणि पात्यातही नाही. एकाच दांड्याच्या दिशेने दोन्ही भाग आळीपाळीने जाळीला लागतात, या जोडणीत तो आहे. ही गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण ओळखीची साधने नुसती शेजारीशेजारी बसवली आणि प्रत्येक आपापले काम स्वतंत्रपणे करत राहिले, तर पेटंट कायदा, 1970 च्या कलम 3(फ) नुसार तो शोध मानला जात नाही. तुमच्याकडे दोन्ही भाग एकमेकांवर अवलंबून आहेत, हे अर्जात दिसले पाहिजे.

दुसऱ्या अटीसाठी मी नेहमी एक जुना निकाल सांगतो, कारण तोही भांड्यांच्या धंद्यातलाच आहे. मिर्झापूरच्या एका कारखान्याने भांडी लेथवर धरून घासण्या-चकाकवण्याच्या साधनाचे आणि पद्धतीचे पेटंट घेतले होते. तिथल्याच दुसऱ्या व्यावसायिकाने ते वापरल्यावर वाद सुरू झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1978 च्या डिसेंबरमध्ये न्यायालयाने पेटंट टिकणार नाही असे ठरवले. लेथवर काम धरण्याचे साधन आधीपासून माहीत होते, त्याला दाब देणारा दांडा आणि तरफ जोडणे ही कुशल कारागिराची वर्कशॉपमधली सुधारणा आहे, शोधाची पायरी त्याहून वर असते, असे त्या निकालाचे सार आहे. आजही परीक्षकांच्या अहवालांत या निकालाचा आधार घेतलेला दिसतो. तेव्हा भावाला एक प्रश्न विचारा. जाळी तुंबते ही अडचण भांडी बनवणाऱ्या एखाद्या अनुभवी माणसासमोर ठेवली, तर तो अर्ध्या तासात याच जोडणीवर येईल का? ‘नाही, कारण आधी आम्ही अमुक तीन प्रकार करून पाहिले आणि ते या या कारणांनी फसले’ असे उत्तर आले, तर ते तीन फसलेले प्रकार तारखांसह लिहून काढा. पेटंट एजंटला त्याचा खरा उपयोग होतो.

अर्जाचा कणा म्हणजे त्याच्या शेवटी लिहिलेले दावे, म्हणजेच नेमक्या कशावर हक्क मागितला आहे ते सांगणारी वाक्ये. नवख्या माणसाचा अर्ज बहुधा इथेच फसतो. समजा तुम्ही लिहिले, ‘दोन मिलिमीटर भोकांची स्टीलची जाळी, तिच्याखाली नायलॉनची पट्टी आणि बारा सेंटिमीटर लांबीचा दांडा असलेले पुरणयंत्र.’ पेटंट कदाचित मिळेल, पण प्रतिस्पर्धी नायलॉनऐवजी सिलिकोनची पट्टी बसवेल आणि तुमच्या दाव्याबाहेर जाईल. त्याऐवजी असा दावा विचारात घ्या: ‘शिजवलेला पदार्थ गाळण्याचे हातयंत्र, ज्यात जाळीच्या वरचा दाबणारा भाग आणि खालचा साफ करणारा भाग एकाच दांड्याला असे जोडले आहेत, की दांडा एका दिशेने फिरवल्यास पहिला भाग जाळीला टेकतो व दुसरा दूर राहतो, आणि उलट दिशेने फिरवल्यास पहिला दूर होऊन दुसरा टेकतो.’ यात धातू नाही, माप नाही, पुरणही नाही. त्यामुळे कोणी हीच जोडणी टोमॅटो गाळण्याच्या यंत्रात वापरली तरी ती दाव्यात येते. नायलॉन, भोकांचे माप, दांड्याची लांबी हे तपशील नंतरच्या आश्रित दाव्यांत येतात, म्हणजे मुख्य दावा परीक्षेत अडला तर मागे सरकायला जागा राहते.

जत्रेच्या आधी काय

आता जत्रेकडे येतो. तुम्ही स्वतः दाखवलेली वस्तूसुद्धा ‘आधी उघड झालेली’ धरली जाते. परक्याने चोरून उघड केली तर कायदा काही संरक्षण देतो, पण स्वतः स्टॉलवर चालवून दाखवलेल्या यंत्राला ते मिळत नाही. प्रदर्शनासाठी बारा महिन्यांची सवलत कायद्यात आहे हे खरे, पण ती केंद्र सरकारने त्यासाठी अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरतीच आहे, आणि आपल्या शहरातली मोठी जत्रा त्यात येते असे गृहीत धरून चालू नये. इन्स्टाग्रामवरचा व्हिडिओ, यूट्यूबवरचे प्रात्यक्षिक, तुळशीबागेतल्या दुकानदाराला विकलेले दहा नग, या सगळ्यांचा परिणाम तोच. एखाद्या दुकानदाराला किंवा साचे बनवणाऱ्याला विश्वासाने दाखवले असेल, तर त्याच्याकडून ‘हे गोपनीय म्हणून दाखवले आहे’ अशा मजकुराच्या कागदावर तारखेसह सही घ्या. विश्वासाने दाखवणे म्हणजे उघड करणे नव्हे, पण पुढे ते सिद्ध तुम्हालाच करावे लागते.

एका महिन्यात पूर्ण अर्ज नीट तयार होणे अवघड असते. त्यासाठी कायद्याने प्रोव्हिजनल अर्जाची सोय ठेवली आहे. शोधाचे वर्णन आणि आकृत्या देऊन अर्ज दाखल केला की त्या दिवसाची तारीख तुमची होते, आणि दावे असलेला पूर्ण अर्ज त्यानंतर बारा महिन्यांत द्यायचा असतो. तो वेळेत दिला नाही तर प्रोव्हिजनल अर्ज सोडून दिला असे मानले जाते. महाराष्ट्रासाठी मुंबईचे पेटंट कार्यालय आहे, पण अर्ज ऑनलाइन करता येतो. तो इंग्रजीत किंवा हिंदीत लागतो, मराठीत चालत नाही. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग म्हणून अर्ज केल्यास ऑनलाइन सरकारी शुल्क 1,600 रुपये आहे. परीक्षणाची विनंती वेगळी करावी लागते, तिचे शुल्क अशा अर्जदारांना 4,000 रुपये आहे आणि ती पहिल्या तारखेपासून 31 महिन्यांच्या आत केली नाही तर अर्ज संपतो. अर्ज भरला म्हणजे परीक्षण आपोआप होईल असे समजून बसलेले अर्जदार मी पाहिले आहेत, आणि त्यांचे चांगले शोध केवळ या एका चुकीने गेले आहेत.

प्रोव्हिजनल अर्ज स्वस्त आहे म्हणून दोन परिच्छेदांत उरकू नका. पूर्ण अर्जातल्या एखाद्या दाव्याला जुनी तारीख तेव्हाच मिळते, जेव्हा त्याचा आधार प्रोव्हिजनलमध्ये असतो. खालची पट्टी वर कशी येते, स्प्रिंगने की चढण असलेल्या चकतीने, दांड्याची दिशा तिला कशी कळते, पट्टीऐवजी ब्रश चालेल का, हे सगळे पर्याय आकृत्यांसह आत्ताच लिहा. जत्रेत दाखवलेला एखादा बारकावा प्रोव्हिजनलमध्ये नसेल, तर तो बारकावा उघड झालेला आणि असंरक्षित असा दोन्हीकडून जातो.

अर्ज करण्याआधी भावाने एक संध्याकाळ भारतीय पेटंट कार्यालयाच्या `InPASS` या शोधसुविधेवर घालवावी. फक्त पुरणयंत्राचे इंग्रजी नाव घालून थांबू नका, हाताने फिरवायची गाळणी, भाजी दळण्याचे यंत्र, साफ होणारी जाळी असे शब्द पालटून पाहा. जवळचे काही सापडले तर निराश होण्यापेक्षा तुमच्यात आणि त्याच्यात फरक नेमका कुठे आहे ते एका वाक्यात लिहा. पुढे तेच वाक्य दाव्याचे बीज होते.

अर्ज दाखल झाल्यावर खोक्यावर ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ असे छापता येते. ‘पेटंट मिळालेले’ असे मात्र मिळण्याआधी छापू नका, ते कायद्याने दंडनीय आहे. अर्ज साधारण 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि पेटंट मिळाल्याशिवाय कोणावरही खटला भरता येत नाही. मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षांची असते, तीही तिसऱ्या वर्षापासूनचे वार्षिक शुल्क भरत राहिलात तरच.

पुस्तिका आणि लोगो: कॉपीराइट

कॉपीराइट, म्हणजे स्वामित्वहक्क किंवा प्रताधिकार, कल्पनेवर नसतो, तिच्या मांडणीवर असतो. तुमच्या पुस्तिकेतली पुरणपोळीची कृती घ्या. एक किलो हरभरा डाळ, तेवढाच गूळ, वेलदोडा आणि जायफळ, आणि गरम असतानाच पुरण यंत्रातून काढावे, ही माहिती कोणाच्या मालकीची होत नाही. पण समजा आईने ती ज्या शब्दांत लिहिली, तिच्याभोवती ज्या आठवणी आणि सूचना गुंफल्या, आणि पोळीची जी छायाचित्रे काढली, ती उतरवून घेण्याचा हक्क दुसऱ्याला नाही. पुण्यातल्या अनेक बेकऱ्या श्रूजबेरी बिस्किटे भाजतात, त्याचे कारणही हेच आहे. बिस्किटाचा तो प्रकार आणि त्याचे प्रमाण कोणा एकाचे नाही. वेष्टनावरचे चित्र त्या त्या बेकरीचे असू शकते आणि बेकरीचे नाव हा ट्रेडमार्क असतो.

हा हक्क लिहिल्या क्षणी आपोआप निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी केल्यास वाद झाल्यावर पुरावा सोपा होतो, एवढाच तिचा उपयोग. लेखकाच्या हयातीनंतर 60 वर्षे तो टिकतो. आणि पेटंटच्या उलट, इथे नक्कल सिद्ध करावी लागते. दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे जवळपास तशीच पुस्तिका लिहिली, तर तुमच्या हक्काचा भंग होत नाही.

‘कॉपीराइट करून टाका’ हा सल्ला तुम्हाला यंत्रासाठी मिळाला असेल, तर तो चुकीचा आहे, आणि त्यामुळे लोकांचे होणारे नुकसान मला फार अस्वस्थ करते. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक उद्योजक आले होते. त्यांनी आपल्या यंत्राच्या सविस्तर आकृत्यांचा कॉपीराइट नोंदवला होता आणि ते प्रमाणपत्र कार्यालयात फ्रेम करून लावले होते. दोन वर्षांनी त्यांच्याच एका पुरवठादाराने तीच युक्ती वापरून यंत्र विकायला सुरुवात केली. त्याने आकृत्या छापल्या नव्हत्या, यंत्राची युक्ती घेतली होती, आणि युक्तीवर त्यांच्याकडे कोणताही हक्क नव्हता. तोपर्यंत यंत्र बाजारात येऊन दोन वर्षे झाली होती, त्यामुळे पेटंटची वाटही बंद झाली होती. मला त्यांना फक्त इतकेच सांगता आले.

लोगोची गोष्ट मात्र तुम्हाला आजच सोडवायची आहे. पगारावर असलेल्या माणसाने नोकरीच्या कामात केलेले चित्र एरवी मालकाचे असते. बाहेरच्या माणसाला पैसे देऊन करून घेतलेल्या लोगोचे तसे आपोआप होत नाही. छायाचित्र किंवा रंगचित्र मोबदल्यावर करून घेतले तर कायदा काम सांगणाऱ्याच्या बाजूने उभा राहतो, पण लोगो त्यात बसतो का यावर पुढे वाद घालत बसण्यापेक्षा एका पानाचा करार करणे कितीतरी सोपे आहे. हक्क हस्तांतरित करण्याचा करार लेखीच लागतो आणि त्यावर देणाऱ्याची सही लागते. त्यात कोणता लोगो, कोणते हक्क, किती मोबदला, किती काळ आणि कोणत्या प्रदेशासाठी हे लिहा. काळ लिहिला नाही तर कायदा पाचच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ओळखीचा मुलगा आहे म्हणून संकोच वाटेल, पण आज तो आनंदाने सही करेल. धंदा वाढल्यावर हीच सही मागणे दोघांनाही अवघड जाते. पुस्तिका बाहेरच्या कोणाकडून लिहून घेतली असेल तर तिच्यासाठीही असाच कागद करा.

नाव: ट्रेडमार्क

‘झटपट पुरणयंत्र’ हे नाव मी बदलायला सांगेन. ट्रेडमार्कचे, म्हणजे व्यापारचिन्हाचे काम एकच, हा माल कोणाकडून आला हे गिऱ्हाइकाला कळावे. ‘पुरणयंत्र’ ही वस्तू आहे आणि ‘झटपट’ हा तिचा गुण. दोन्ही शब्द प्रत्येक उत्पादकाला आपल्या जाहिरातीत लागतात, म्हणून ते एकाला दिले जात नाहीत. ट्रेडमार्क कायदा, 1999 च्या कलम 9 खाली अशा नावावर हरकत येते. वर्षानुवर्षांच्या विक्रीने ते नाव तुमचेच म्हणून ओळखले जाऊ लागले तर मार्ग निघू शकतो, पण नव्या मालाजवळ तो पुरावा नसतो. वस्तूशी संबंध नसलेला किंवा स्वतः घडवलेला शब्द निवडा. सुरुवातीला जाहिरातीला तो थोडा जड वाटतो, पण नंतर सांभाळायला तोच सोपा जातो.

अर्ज मालाच्या वर्गानुसार होतो आणि असे 45 वर्ग आहेत. हाताने चालवायची स्वयंपाकघरातली साधने वर्ग 21 मध्ये येतात. पुढे मोटार बसवलीत तर ते यंत्र वर्ग 7 मध्ये जाईल आणि तयार पुरणपोळ्या विकल्यात तर वर्ग 30 लागेल. व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी ऑनलाइन शुल्क प्रत्येक वर्गाला 4,500 रुपये आहे. नाव पसंत केल्यावर आधी कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्याच वर्गात सारखे नाव आहे का ते शोधा, आणि फक्त अक्षरांवर जाऊ नका, उच्चारही पाहा. अर्ज स्वीकारला गेला की तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापला जातो, त्यानंतर चार महिने कोणालाही विरोध नोंदवता येतो. नोंदणी होईपर्यंत नावाशेजारी ‘टीएम’ लिहावे. वर्तुळातले आर हे चिन्ह नोंदणी झाल्यावरच वापरावे.

नावाच्या बाबतीत आधी कोणी वापरले याला फार वजन आहे, आणि पुणेकरांसमोर त्याचे उदाहरण आहे. कॅम्पातले ‘बर्गर किंग’ हे उपाहारगृह 1992 पासून त्या नावाने चालत आले, तर त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीने भारतात पहिले दुकान 2014 मध्ये उघडले. कंपनीची भारतातली नोंदणी मात्र जुनी होती. 2011 मध्ये दाखल झालेला कंपनीचा दावा पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने 2024 मध्ये फेटाळला, आणि या प्रत्यक्ष वापराला त्यात मोठे महत्त्व मिळाले. प्रकरण त्यानंतर वरच्या न्यायालयांत गेले. तुमच्यासाठी त्यातून घेण्याजोगी गोष्ट अगदी लहान आहे. पहिल्या दिवसापासून नाव छापलेली बिले काढा, त्यांवर तारीख असू द्या, जत्रेतल्या स्टॉलची पावती आणि फलकाचे छायाचित्र जपून ठेवा. यंत्र दाखवण्याची घाई तुमचे पेटंट घालवू शकते, उलट नाव तुम्ही लोकांपुढे जितके लवकर आणाल तितका त्याच्यावरचा हक्क बळकट होतो. दोन हक्कांचा स्वभाव किती वेगळा आहे, ते इथे सर्वांत स्पष्ट दिसते.

मुदतीतही हा फरक उतरतो. रस्त्यावरची पल्सर पाहा. आकुर्डीच्या बजाज ऑटोने लहान इंजिनात दोन स्पार्क प्लग बसवण्याच्या रचनेचे जे पेटंट घेतले, त्याचा अर्ज 16 जुलै 2002 चा होता, म्हणजे 20 वर्षांची मुदत 2022 मध्ये संपली. त्या पेटंटवरून एका प्रतिस्पर्धी कंपनीशी वर्षानुवर्षे खटला चालला, पण आज ती रचना कोणालाही वापरता येते. ‘पल्सर’ हे नाव मात्र दर 10 वर्षांनी नूतनीकरण करून आणि वापरात ठेवून कितीही काळ त्यांचे राहू शकते.

जाता जाता एक चौथी गोष्ट सांगतो. यंत्राचा बाह्य आकार, उदाहरणार्थ दांड्याच्या मुठीचा डौल, खास असेल तर त्याची नोंदणी डिझाइन कायद्याखाली होते, 10 वर्षे आणि पुढे 5 वर्षांसाठी. तीही वस्तू लोकांपुढे येण्याआधीच मागावी लागते.

तुमच्या कामाचा क्रम मी असा लावीन. या आठवड्यात शोध आणि आकृत्या, पुढच्या आठवड्यात पेटंट एजंटबरोबर बसून प्रोव्हिजनल अर्ज, त्याच दरम्यान लोगोच्या मुलाची सही, आणि नवे नाव ठरले की वर्ग 21 मध्ये अर्ज. जत्रेच्या आदल्या दिवसापर्यंत प्रोव्हिजनल अर्जाचा क्रमांक हातात आला नसेल, तर स्टॉल रद्द करू नका. नव्या नावाचा फलक लावा, पुस्तिका विका, पुरणपोळ्या खाऊ घाला आणि लोकांचे फोन नंबर घ्या. यंत्र मात्र घरी ठेवा, आणि कोणी विचारले की जाळी साफ कशी होते, तर ‘पुढच्या महिन्यात दाखवतो’ एवढेच सांगा.